सर्दी, आयोडीनच्या गुळण्या आणि साधे पाणी

औषधाच्या दुकानात घशासाठी म्हणून मिळणाऱ्या जंतुनाशक द्रवांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला निलगिरी, पुदिना, ओवा यांच्या अर्कांचा, तोंडाचा वास घालवणारा माउथवॉश. लिस्टरीन हे त्यातले सर्वांत जुने आणि प्रसिद्ध नाव. दुसरा क्लोरहेक्झिडीनचा, जो दंतवैद्य हिरड्यांच्या आजारात किंवा दात काढल्यावर लिहून देतात. तिसरा पोव्हिडोन-आयोडीनचा, तपकिरी रंगाचा, जो आपल्याकडे 'बीटाडीनच्या गुळण्या' या नावाने घरोघरी पोचला आहे. तिन्ही द्रव जंतू मारतात, यात वाद नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत मारतात आणि तोंडातही बऱ्यापैकी मारतात. प्रश्न वेगळा आहे. ज्या जंतूंमुळे सर्दी होते ते, जिथे असतात तिथे जाऊन, वेळेत मारले जातात का? आणि रोज जंतुनाशक लावल्याने खुद्द घशाचे काय होते?

सर्दी हा मुख्यतः नाकाचा आजार आहे. तिच्या कारणांत रायनोव्हायरस या विषाणूंचा वाटा सर्वांत मोठा. हा विषाणू नाकातून किंवा डोळ्यांतून आत शिरतो, बहुधा आपल्याच बोटांवरून, आणि नाकाच्या मागच्या पोकळीत, पडजिभेच्या वर, आपले बस्तान बसवतो. त्याला शरीराच्या आतल्या उष्णतेपेक्षा थोडे थंड, 33 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते, आणि श्वासाची हवा सतत खेळत असल्याने नाकात ते मिळते. याच मागच्या पोकळीची आग घशात जाणवते. म्हणून पुष्कळांना सर्दीची पहिली खूण घसा खवखवण्यात मिळते आणि नाक वाहू लागण्याआधीच हात गुळण्यांच्या बाटलीकडे जातो.

गुळणी मात्र त्या जागेपर्यंत पोचत नाही. मान मागे टाकून घशात पाणी खळखळवताना जिभेचा मागचा भाग आणि मऊ टाळू मिळून पाण्याला आडवा बांध घालतात. तसे झाले नाही तर पाणी नाकात चढेल किंवा श्वासनलिकेत उतरेल आणि ठसका लागेल. त्यामुळे द्रव टॉन्सिलच्या पुढच्या कमानींपर्यंत भिजवतो आणि तिथेच थांबतो. त्याच्या वर, पडद्यापलीकडे, विषाणूची वाढ निर्वेध चालू असते. शिवाय तो पेशींच्या आत शिरून वाढतो. पेशीच्या बाहेर लाळेत तरंगणारे विषाणू द्रवाने मेले तरी आतला कारखाना बंद पडत नाही, आणि काही तासांत नवे विषाणू बाहेर येतात.

हीच अडचण अमेरिकेत एका गाजलेल्या खटल्याच्या केंद्रस्थानी होती. लिस्टरीन 1879 मध्ये सेंट लुईस शहरात तयार झाले. शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले गेले. 1921 पासून ते सर्दी आणि घसादुखीवरचा उपाय म्हणून विकले जात होते. संसर्गाच्या दिवसांत मुलांना दिवसातून दोनदा गुळण्या करायला लावा, सर्दी कमी वेळा होईल आणि झाली तरी सौम्य होईल, अशा आशयाच्या जाहिराती वर्षानुवर्षे लागत. ग्राहकहिताची देखरेख करणाऱ्या अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशनने 1972 मध्ये या दाव्याला आव्हान दिले. कंपनीचा मुख्य आधार 'लाखो जंतू मारते' हा होता. आयोगाने नोंदवले की ते जंतू प्रामुख्याने जिवाणू होते, सर्दी विषाणूंमुळे होते, आणि गुळणीचा द्रव विषाणूंच्या जागी पुरेशा प्रमाणात पोचतच नाही. कंपनीने शाळकरी मुलांवर केलेली चाचणी पुढे केली, पण ती नीट आखलेली नसल्याने आयोगाने तीही ग्राह्य धरली नाही. 1977 मध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम ठेवला. लिस्टरीन सर्दी किंवा घसादुखी टाळत नाही आणि तिची तीव्रता कमी करत नाही, असे स्पष्ट वाक्य कंपनीला स्वतःच्याच जाहिरातींत घालावे लागले. तेही सुमारे एक कोटी डॉलर खर्चाच्या जाहिराती पूर्ण होईपर्यंत. पन्नासहून अधिक वर्षे केलेला दावा स्वतःच्या तोंडाने मागे घ्यायला लावणारा असा आदेश जाहिरातविश्वात क्वचितच निघाला असेल.

आयोडीनची गोष्ट एवढी सरळ नाही, कारण आयोडीन खरोखरच जास्त ताकदीचे आहे. माउथवॉशमधली तेले किंवा क्लोरहेक्झिडीन यांचा जोर मुख्यतः जिवाणूंवर आणि ज्यांना चरबीचे आवरण असते अशा विषाणूंवर चालतो. रायनोव्हायरसला असे आवरण नसते, म्हणून तो या द्रवांना फारसा जुमानत नाही. आयोडीन प्रथिनांवरच हल्ला करते, त्यामुळे जिवाणू, बुरशी आणि बहुतेक विषाणू अशा सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. जुन्या काळी डॉक्टर कापसाच्या बोळ्याने घशाला जे लालसर तपकिरी 'पेंट' लावत, त्या मॅन्डल्स पेंटमध्येही आयोडीनच असे, ग्लिसरीन आणि पेपरमिंटमध्ये विरघळवलेले. निव्वळ आयोडीन मात्र झोंबते आणि त्वचा भाजते. 1950 च्या दशकात ते पोव्हिडोन नावाच्या पदार्थाशी बांधून ठेवण्याची युक्ती निघाली. त्यामुळे आयोडीन थोडे थोडे सुटे होते आणि दाह कमी होतो. शस्त्रक्रियेआधी कातडीवर जे तपकिरी औषध फासतात ते हेच.

गुळण्यांची सवय राष्ट्रीय म्हणावी इतकी रुजलेला देश म्हणजे जपान. बाहेरून घरी आले की हात धुवायचे आणि गुळण्या करायच्या, हे तिथे मुलांना बालवाडीपासून शिकवले जाते, आणि आयोडीनच्या गुळण्यांची बाटली अनेक घरांत असते. साहजिकच या प्रश्नाची सर्वांत उपयोगी चाचणीही तिथेच झाली. क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002-03 च्या हिवाळ्यात देशभरातल्या 18 केंद्रांवर 387 निरोगी प्रौढ स्वयंसेवक घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाने नळाच्या साध्या पाण्याने गुळण्या करायच्या. दुसऱ्याने पातळ केलेल्या पोव्हिडोन-आयोडीनने करायच्या. तिसऱ्याने काही नवे करायचे नाही, आपली नेहमीची सवय तशीच ठेवायची. पहिल्या दोन गटांना दिवसातून किमान तीन वेळा गुळण्या करायच्या होत्या. दर वेळी सुमारे 20 मिलिलिटर द्रव घेऊन 15 सेकंद खळखळवायचा आणि हे लागोपाठ तीनदा करायचे. हा क्रम 60 दिवस चालला. प्रत्येकाने रोज नाक, घसा आणि छातीच्या तक्रारींची नोंद ठेवली. या काळात 130 जणांना सर्दी झाली.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे मांडता येतील. प्रत्येक गटातली शंभर माणसे महिनाभर पाहिली, तर नेहमीची सवय ठेवणाऱ्यांत सुमारे 26 जणांना सर्दी होते, आयोडीनवाल्यांत 24 जणांना आणि साध्या पाण्यावाल्यांत 17 जणांना. पाण्याच्या गटातली घट साधारण 36 टक्के होती. आयोडीनच्या गटातला फरक इतका थोडा होता की तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. सर्दी झालीच, तर पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना छातीकडच्या तक्रारीही काहीशा कमी होत्या. बाटलीत पैसे घालून मिळालेला फायदा फुकटच्या नळाहून कमी निघाला.

हा निकाल ऐकायला इतका चटकदार आहे की त्याच्या मर्यादा सहज विसरल्या जातात. कोण काय वापरतो हे या चाचणीत लपवता येत नव्हते. आयोडीनचा रंग आणि चव कशी लपवणार? सर्दी झाली की नाही हे माणसाने स्वतःच्या नोंदीवरून ठरवले होते, आणि आपण काहीतरी करतो आहोत या समाधानात बारीकशा तक्रारी नोंदवायच्या राहून जातात. पाण्याचा फायदाही संख्याशास्त्राच्या हिशोबात काठावरच उतरला. पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 600 विद्यार्थ्यांवर पाण्याच्या गुळण्यांची चाचणी झाली, तिच्यात स्पष्ट फायदा दिसला नाही. त्यामुळे 'साध्या पाण्याच्या गुळण्यांनी सर्दी टळते' असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. आयोडीनने ती टळते असे म्हणायला मात्र त्याहूनही कमी आधार आहे.

तरीही कोड्याचा एक भाग उरतोच. आयोडीनचा द्रवही मुख्यतः पाणीच असतो. क्योतोच्या चाचणीत 7 टक्क्यांचे औषध 15 ते 30 पट पातळ केलेले होते. पाण्याने धुण्याचा जो काही लाभ असेल तो आयोडीनच्या गटालाही मिळायला हवा होता, आणि वर जंतुनाशकाची भर. मग हा गट मागे का पडला? फरक योगायोगाचा असू शकतो हे खरेच. पण संशोधकांनी एक शक्यता पुढे ठेवली, आणि घशाच्या रचनेशी ती जुळते: पाण्याने जे कमावले ते आयोडीनने घालवले असावे.

घशाचे अस्तर उघडे नसते. त्याच्यावर लाळेचा आणि श्लेष्म्याचा पातळ थर असतो आणि त्या थरात निरुपद्रवी जिवाणूंची दाट वस्ती असते, बहुतांशी स्ट्रेप्टोकोकाय वर्गातल्या सौम्य जातींची. ही वस्ती जागा आणि अन्न अडवून धरते. तिच्यातल्या काही जाती घसा सुजवणाऱ्या रोगकारक स्ट्रेप्टोकोकसला मारक ठरणारे पदार्थही बनवतात. जंतुनाशकाला आपला आणि परका हा भेद कळत नाही. दिवसातून तीन-चार वेळा ही वस्ती उठवत राहिले तर नव्या पाहुण्याला जागा मोकळी होते. त्यात भर म्हणजे आयोडीन जंतूंच्या प्रथिनांशी जे करते तेच माणसाच्या पेशींच्या प्रथिनांशीही करते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वसनमार्गाच्या पेशींवर पुरेसे तीव्र पोव्हिडोन-आयोडीन घातले की त्या मरतात, आणि श्लेष्मा पुढे ढकलणारे पेशींवरचे बारीक केस मंदावतात. जिवंत घशात लाळेमुळे हा मारा बराच सौम्य होतो, म्हणून दोन-चार दिवसांच्या गुळण्यांनी कोणाचा घसा सोलून निघत नाही. पण अख्खा हिवाळा रोज, 'काही झालेले नसताना सुरक्षिततेसाठी', हा वापर वेगळा. क्योतोच्या चाचणीने घशाला इजा होते हे सिद्ध केलेले नाही, कारण घशाचे अस्तर तिने तपासलेच नव्हते. रोजच्या वापरासाठी जे औषध कामाचे निघाले नाही आणि ज्याच्यावर हा संशय आहे, ते वापरण्याचे कारण मात्र तिने काढून घेतले.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. पोव्हिडोन-आयोडीन पातळ केले की कमजोर होईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी घातल्यावर त्यातले सुटे, म्हणजे जंतू मारणारे, आयोडीन वाढते, कारण पोव्हिडोनची पकड ढिली होते. घट्ट द्रवात आयोडीनचा साठा मोठा असतो, पण तो बांधलेला असतो. तेव्हा 'जास्त घट्ट म्हणजे जास्त गुणकारी' हा हिशोब घशात चालत नाही; घट्ट द्रवाने आग आणि पोटात जाणारे आयोडीन तेवढे वाढते.

झालेली सर्दी गुळण्यांनी लवकर बरी होते का, या प्रश्नावर ओसाकातला एक प्रसंग बोलका आहे. 4 ऑगस्ट 2020 रोजी, कोविडच्या ऐन साथीत, ओसाका प्रांताचे गव्हर्नर हिरोफुमी योशिमुरा यांनी पत्रकार परिषदेत आयोडीनच्या गुळण्यांची शिफारस केली. आधार होता 41 सौम्य रुग्णांच्या अभ्यासाचा. दिवसातून चार वेळा गुळण्या करणाऱ्यांपैकी चौथ्या दिवशी लाळेच्या चाचणीत विषाणू सापडला तो 9.5 टक्के जणांत, न करणाऱ्यांत 40 टक्के जणांत. काही तासांत जपानभर दुकानांतल्या बाटल्या संपल्या आणि ते औषध बनवणाऱ्या कंपनीचा शेअर वधारला. पण तपासणी कशाची झाली होती? लाळेची. ज्या तोंडात नुकतेच जंतुनाशक फिरवले आहे तिथल्या लाळेत विषाणू कमी सापडणारच. नाकात आणि फुप्फुसात काय चालले आहे, माणूस लवकर बरा झाला का, याचे उत्तर त्या आकड्यांत नव्हते. पुढे गव्हर्नरांनाही आपण प्रतिबंध होतो असे म्हटले नव्हते, असा खुलासा करावा लागला. आयोडीनने सर्दीचे दिवस कमी होतात असे दाखवणारा भरवशाचा पुरावा आजही नाही.

दिवस कमी होण्याची थोडीफार आशा दिसली ती मिठाच्या पाण्यात, आणि तीही अटीसह. एडिंबरामध्ये 66 प्रौढांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत सर्दी सुरू होताच घरी बनवलेल्या खारट पाण्याने नाक धुणाऱ्यांची आणि सोबत गुळण्या करणाऱ्यांची सर्दी सरासरी सुमारे दोन दिवस आधी आटोपली. इथे नाकही धुतले होते हे विसरायचे नाही. विषाणूचे घर तिथेच आहे. फक्त गुळण्यांनी तेवढे साधले असते का, हे या चाचणीवरून ठरत नाही. आपल्याकडच्या जलनेतीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. नाकात घालायचे पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे, नळाचे थेट नको.

आयोडीनचा दुसरा धोका घशाच्या थोडा खाली, थायरॉइड ग्रंथीत आहे. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते आणि ते आयोडीनयुक्त मिठातून मिळते. भारतात मिळणाऱ्या गुळण्यांच्या औषधात 2 टक्के पोव्हिडोन-आयोडीन असते. त्यातले 5 मिलिलिटर घेऊन तेवढेच पाणी मिसळले, तर त्या एका घोटात 100 मिलिग्रॅम पोव्हिडोन-आयोडीन येते. त्याच्या साधारण दहावा भाग आयोडीन धरला तर ते 10 मिलिग्रॅम, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम होते. 66 दिवसांची गरज एका घोटात. बहुतेक भाग थुंकला जातो. तरी फक्त 2 टक्के गिळला किंवा तोंडाच्या अस्तरातून शोषला गेला असे धरले, तर एका वेळी 200 आणि दिवसातून तीन वेळा केल्यास 600 मायक्रोग्रॅम आत जाते, म्हणजे गरजेच्या चौपट. निरोगी ग्रंथी काही दिवस हा भार सहज पेलते. ज्यांची ग्रंथी आधीच अधू आहे त्यांच्यात मात्र महिनोन्‌महिने असे चालले तर ती मंदावू शकते किंवा उलट जास्त काम करू लागते. सतत थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, किंवा याउलट धडधड आणि हातांचा कंप, अशा खुणा दिसल्या आणि आयोडीनच्या गुळण्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना ते सांगायला हवे, कारण विचारल्याशिवाय गुळण्यांना कोणी औषध म्हणून मोजत नाही. थायरॉइडचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लिथियम घेणारे आणि आयोडीनची ॲलर्जी असलेले यांनी हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. लहान मुलांना तर गुळणी करून थुंकणेच नीट जमत नाही, ती गिळतात.

दुकानातली एक गल्लत टाळण्याजोगी आहे. पोव्हिडोन-आयोडीनचे 5 आणि 10 टक्क्यांचे द्रव जखमेसाठी असतात, आणि हात धुण्याच्या 7.5 टक्के द्रवात साबणासारखा फेस आणणारा पदार्थ असतो. रंग सगळ्यांचा एकच. गुळण्यांसाठी लेबलावर तसे स्पष्ट लिहिलेलीच बाटली घ्यावी. क्लोरहेक्झिडीनचा त्रास वेगळा: आठवडाभराहून जास्त वापरले की दातांवर तपकिरी डाग पडू लागतात आणि चव बिघडते. सर्दीसाठी त्याचा उपयोग नाहीच.

ही औषधे निरुपयोगी आहेत असे नव्हे. तोंडातली शस्त्रक्रिया, हिरड्यांचा संसर्ग, केमोथेरपीत तोंडाला आलेले फोड, अशा ठिकाणी डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात आणि तिथे त्यांचे काम त्या चोख करतात. साध्या सर्दीत घशाला आराम हवा असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरते. त्याने विषाणू मरत नाही, पण चिकट श्लेष्मा सुटतो आणि दुखणे थोडे कमी होते.

गुळण्यांवर वेळ घालवणे जिथे खरोखर महागात पडते तो घसा सर्दीचा नसतो. नाक वाहत नाही, खोकला नाही, पण ताप चढला आहे, गिळताना कळ येते, गळ्यातल्या गाठी सुजल्या आहेत आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, अशी लक्षणे विशेषतः मुलांत दिसली तर तो स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग असू शकतो. तो वेळेवर प्रतिजैविके देऊन बरा केला नाही तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घशावर राखाडी पापुद्रा धरला असेल तर घटसर्पाची शंका घ्यावी लागते. या दोन्ही वेळी कोणत्याही रंगाच्या गुळण्या करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.